रिपोर्टमध्ये ‘उजवी ट्यूब बंद’ आलं, त्यापुढचं

लग्नानंतर दिवस राहावेत म्हणून वर्षभर वाट पाहावी, बायकोचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहाच महिने, आणि मग तपासायला जावं, असा डॉक्टरांचा हिशेब असतो. मी 34 ची होते आणि वर्ष उलटून गेलं होतं. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तपासायचं ते मला. डॉक्टर मॅडमनी मात्र पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या नावाने लिहिली. वीर्याची तपासणी स्वस्त, ना सुई ना दुखणं, आणि त्यात मोठा दोष निघाला तर बायकोच्या तपासण्यांची दिशाच बदलते.

सॅम्पल देण्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको. शक्यतो लॅबमध्येच द्यायचं. घरून न्यायचंच असेल तर अंगाशी धरून, तासाभराच्या आत. पहिला भाग सांडला तर लपवू नका, असं तिथल्या मुलीने बजावलं. सगळ्यात जास्त शुक्राणू त्याच भागात असतात, त्यामुळे आकडा उगाच कमी येतो.

रिपोर्ट आला: 2.2 मिली, एका मिलीत 11 मिलियन, पुढे सरकणारे 24 टक्के. खाली ठळक अक्षरात ‘ऑलिगोस्पर्मिया’, म्हणजे शुक्राणू कमी. नवरा दोन दिवस नीट जेवला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 16 मिलियन आणि 30 टक्के आहे. मॅडमनी आम्हाला समजावलं की ही पास-नापासाची रेघ नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले, अशा पुरुषांतल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांचे आकडे या मर्यादेच्याही खाली होते, म्हणजे तेही बाप झालेच! आणि एका रिपोर्टवर निष्कर्ष काढायचाच नसतो. मग त्यांनी विचारलं, “मध्यंतरी ताप आला होता का?” डेंगी झाला होता. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा तापाचा फटका आज दिसतोय. तीन महिन्यांनी परत केली तेव्हा 2.5 मिली, 26 मिलियन, 36 टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की पुढे सरकणारे एकूण शुक्राणू कळतात. आधी ते जेमतेम 5.8 मिलियन होते, आता 23 च्या वर. पुढचा निर्णय या गुणाकारावरच होता.

माझी एचएसजी, म्हणजे गर्भाशयात डाय सोडून गर्भनळ्या उघड्या आहेत का ते पाहणारी एक्स-रे तपासणी, पाळी थांबल्यावर, पाळी सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी झाली. गर्भ राहिलेला नसण्याची खात्री असते, म्हणून हे दिवस निवडतात. तासभर आधी दुखण्याची गोळी घेतली होती, तरी डाय आत सोडताना पोटात जोरदार पीळ पडला. स्क्रीनवर डाव्या नळीतून डाय बाहेर पोटात पसरलेला दिसला. उजवीकडे तो गर्भाशयाच्या कोपऱ्यातच अडला.

दुसऱ्या एका सेंटरमध्ये हीच फिल्म पाहून थेट आयव्हीएफचं पॅकेज पुढे ठेवलं. मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. कोपऱ्यात, म्हणजे नळीच्या सुरुवातीलाच डाय अडला तर ते बऱ्याचदा दुखण्याने स्नायू आवळल्यामुळे असतं. नळी खरंच बंद असेलच असं नाही. टोकाला अडून नळी फुगलेली दिसली असती तर गोष्ट वेगळी. अशा नळीतलं पाणी गर्भाशयात उतरतं आणि आयव्हीएफचंही यश घटवतं, म्हणून आधी ती काढावी किंवा क्लिप लावून बंद करावी लागते. आपल्याकडे टीबीमुळे नळ्या खराब झालेल्या बायका बऱ्याच असतात, म्हणून तो इतिहासही त्यांनी खोदून विचारला. माझ्याकडे तसं काही नव्हतं.

“मग लॅप्रोस्कोपी करून खात्री करू या?” मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “उजवी उघडी निघाली तर आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायचे. बंद निघाली तरी डावी उघडी आहे, म्हणजे आययूआयच. मग भूल कशाला घ्यायची?” हे मला एकदम पटलं.

आययूआयला एक तरी नळी उघडी हवी आणि शुक्राणू पुरेसे हवेत. साधारण दहा मिलियनच्या वर पुढे सरकणारे असले तर डॉक्टर निवांत असतात, पाचच्या खाली ते स्वतःच नको म्हणतात. आययूआय किती वेळा करायचं याची मर्यादा आधीच ठरवली: तीन, फार तर चार. अंडाशयात किती अंडी शिल्लक आहेत याचा अंदाज देणारं हार्मोन, एएमएच, 1.3 होतं. एएमएचवरून आपोआप दिवस राहतील की नाही हे कळत नाही, पण आयव्हीएफमध्ये अंडी किती मिळतील याचा अंदाज येतो. वयासोबत हा आकडा घटणारच, म्हणून आययूआयमध्ये वर्ष घालवायचं नव्हतं.

अंडं तयार व्हायला लेट्रोझोलच्या गोळ्या, फॉलिकल म्हणजे अंड्याची पिशवी किती वाढली ते पाहायला सोनोग्राफी, मग आययूआय. ठरलेली मर्यादा संपली, दिवस राहिले नाहीत, आणि मी पस्तीसची झाले. तेव्हा आयव्हीएफची इंजेक्शनं सुरू करण्याआधी मॅडमनी परत एकदा सोनोग्राफी करून उजवी नळी कुठे फुगली तर नाही ना ते पाहिलं. फुगलेली नव्हती. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू झाली.