बारा युनिट आणि माझी इस्त्री

मी कोल्हापुरातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. युनिफॉर्मच्या बाबतीत मी पहिल्यापासून जरा जास्तच. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याकडं माझे तीन सेट कायम फिरत असतात, केस जाळीत, बूट पांढरे म्हणजे पांढरेच. मेट्रन नवीन पोरींना माझ्याकडं बोट दाखवून सांगायच्या, असं दिसायला पाहिजे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

हे जुलैतलं आहे, काही वर्षांपूर्वीचं. पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडं निघालेली, गगनबावडा रोड बंद. आमची नाईटची एक सिस्टर त्या बाजूच्या गावची, तिला घरी जाता येईना म्हणून ती दोन दिवस हॉस्पिटलातच राहिलेली. नाईट करायची, दुपारी चेंजिंग रूममध्ये झोपायची, परत नाईट. युनिफॉर्म एकच, बाथरूममध्ये धुवून पंख्याखाली टाकायची आणि त्या पावसात तो काही वाळायचा नाही, मग तसाच दमट चुरगाळलेला अंगावर. त्यात खिशाजवळ बीटाडिनचा पिवळट डाग, तो जातच नाही.

सकाळी तिच्याकडनं ड्यूटीचा ओव्हर घेताना ती मला म्हणाली, बेड 7 च्या पाटील काकू लई चौकशी करतात गं, प्रत्येक सुईला हे कसलं, हे कशाला, डॉक्टरनी सांगितलंय का. मी हसले. मनात म्हटलं, बाई, आरशात बघ की जरा.

त्या दिवशी आमच्याकडं दोन पाटील होत्या. (कोल्हापुरात वॉर्डमध्ये एकच पाटील असणं हीच खरी बातमी.) बेड 7 ला पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या कागलकडच्या काकू, शुगर-बीपी काही नाही. बेड 10 ला शुगरच्या पायाची जखम घेऊन आलेल्या दुसऱ्या पाटील, त्यांना तीन वेळा जेवणाआधी साधं इन्सुलिन. स्टाफ निम्मा अडकलेला, त्यामुळं अठरा पेशंट मी आणि एक स्टुडंट.

दहाच्या सुमाराला बेड 10 च्या वरनं पाणी ठिबकायला लागलं, खिडकीची चौकट फुगलेली होती. वॉर्डबॉय मामा आणि आया मावशींनी मिळून पेशंट हलवले, 10 च्या पाटील 7 वर आणि 7 च्या पाटील दारापाशी जरा कोरड्या असलेल्या 11 वर. मला सांगितलं, मी हो म्हटलं, मी तेव्हा ऑपरेशन थिएटरमधनं आलेला पेशंट घेत होते. अर्ध्या तासात प्लंबरनं कसंतरी ठिबकणं थांबवलं, गादी बदलली, आणि मामांनी परत अदलाबदल केली, पण अर्धीच. काकूंना 11 वरनं 10 वर सरकवलं कारण 11 ला नवीन पेशंट येणार होता, आणि शुगरच्या पाटील 7 वरच राहिल्या. हे मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

बाराला स्टुडंटनं जेवणाआधीची शुगर तपासली, बरोबर माणसाचीच तपासली, आणि चिठ्ठीवर लिहिलं: पाटील, 248. बेड नंबर नाही. माझ्या डोक्यात इन्सुलिनवाल्या पाटील म्हणजे बेड 10. मी फ्रिजमधनं वायल काढली, लाल टोपणाच्या 40 च्या सिरिंजमध्ये बारा युनिट भरले, बेड 10 ला गेले आणि म्हटलं, पाटील काकू ना, जेवणाआधीची सुई हं. त्या हो म्हणाल्या आणि स्वतःच बाही वर केली. दहा सेकंदांचं काम. जाता जाता मी त्यांची चादरसुद्धा नीट केली.

इथं जरा थांबून सांगते कारण सगळी चूक या एका वाक्यात आहे. "पाटील काकू ना?" हा प्रश्नच नाही. पेशंट घाबरलेला, गुंगीत, नाहीतर नुसता भिडस्त असतो, तो कशालाही हो म्हणतो. विचारायचं असतं "तुमचं पूर्ण नाव सांगा", म्हणजे त्यानं सांगायचं, आपण नाही, आणि मग ते नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर हातातल्या पट्ट्यावर वाचून फाईलशी जुळवायचा. दोन ओळखी. आणि बेड नंबर ही ओळख धरायचीच नाही, का धरायची नाही ते वरच्या पॅराग्राफमध्ये आलंच. मी हे दर वर्षी नवीन मुलींना शिकवते, त्या दिवशीसुद्धा कुणी विचारलं असतं तर पाठ म्हणून दाखवलं असतं.

पावणेदोनला काकूंचा मुलगा काउंटरवर आला, आई घामाघूम झालीय म्हणाला. बाहेर धो धो पाऊस, वॉर्डमध्ये लोक शाली घेऊन बसलेले आणि ह्यांचा गाऊन पाठीला चिकटलेला. हात थरथरत होते, बोलणं जडावलेलं, जेवणाचं ताट तसंच, दोन घास खाऊन मळमळतंय म्हणून बाजूला ठेवलेलं. मला पहिल्यांदा वाटलं आतून ब्लीडिंग आहे, ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी घाम म्हटल्यावर तेच डोक्यात येतं. नाडी फास्ट पण बीपी चांगलं. तेवढ्यात बेड 7 वरून दुसऱ्या पाटलांची लेक ओरडली, ओ सिस्टर, आईचं इन्सुलिन द्यायचं राहिलंय की, जेवून पण झालं तिचं.

माझ्या पोटात गोळा आला तो आत्ता लिहितानाही येतोय.

बोट टोचलं, 46. सत्तरच्या खाली गेली की कमी धरतो आम्ही, सेहेचाळीस म्हणजे माणूस बेशुद्धीकडं निघालेला. साधं इन्सुलिन अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि दोन ते चार तासात जोरात असतं, म्हणजे आम्ही अजून घाटाच्या अर्ध्यावर पण नव्हतो. नशीब की सलाईनची सुई हातात चालू होती. वॉर्डच्या ड्यूटी डॉक्टरला, आरएमओला, हाक मारली, 25 टक्के डेक्स्ट्रोजची 100 मिलीची बाटली लावली, पंधरा मिनिटांनी परत बोट, 131. काकूंनी डोळे नीट उघडले आणि म्हणाल्या, "काय झालतं ओ मला?" पण तेवढ्यावर सुटत नाही, साखर चढवली तरी आतलं इन्सुलिन अजून शिल्लक असतं आणि ती परत खाली ओढतं, म्हणून ग्लुकोजचं सलाईन चालू ठेवून संध्याकाळी साडेसातपर्यंत दर तासाला बोट टोचलं. साडेतीनला एकदा 68 झालीच होती.

आता खरी गोष्ट. आम्ही धावपळ करत होतो तेव्हाच मुलगा बाहेर कुणालातरी फोनवर सांगत होता, "रात्रीची ती गबाळी सिस्टर हाय न्हवं, तिनंच कायतरी चुकीचं टोचलंय, आई म्हणतच होती तिच्यावर भरवसा न्हाई." ती सिस्टर तेव्हा चेंजिंग रूममध्ये झोपलेली. आणि मी दोन फुटांवर, इस्त्रीच्या कपड्यात, हातात बाटली घेऊन. मला पुढं करून तो म्हणतो कसा, "ह्या सिस्टर होत्या म्हणून बरं झालं."

मोठे डॉक्टर म्हणाले, आधी स्टेबल होऊ दे, मग बघू काय सांगायचं ते. मला ते जमलं नाही. शौर्य वगैरे काही नाही, झोपलेल्या बाईवर बिल फाटत होतं ते बघवेना. आरएमओला बरोबर घेतलं आणि त्याला सांगितलं, दादा, सुई मी दिली, दुसऱ्या पेशंटची, नाव न विचारता दिली. त्याला ते पटेचना! तो म्हणाला, "न्हाई ओ, तुम्ही कशाला, तुम्ही त्यांना वाचवाय लागलाय व्हय?" तीनदा सांगावं लागलं. मग जे बोलायचं ते बोलला, आणि त्याचं बरोबरच होतं.

संध्याकाळी काकूंपाशी बसले. म्हटलं, काकू, रात्री प्रत्येक सुईला विचारत होता, मला का नाही विचारलंत? त्या म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं की, मला शुगर न्हाई, ही जेवणाआधीची सुई कुठली नवीन. पर तुमी अशा कडक, टापटीप, म्हटलं मोठी सिस्टर दिसत्यात, त्यांचं कशाला चुकंल, उगीच इचारून काय अडाणी ठरायचं." म्हणजे त्यांच्या तोंडात प्रश्न आला होता, अगदी बरोबर प्रश्न, आणि तो माझ्या इस्त्रीनं गिळायला लावला. रात्रीच्या सिस्टरला तोच प्रश्न सहज विचारला गेला कारण तिचा युनिफॉर्म चुरगाळलेला.

त्या सिस्टरला मी देवी करत नाही. चार्टवर सही करायची ती हमखास विसरते, आणि पुराआधीही तिचे कपडे काही धड नसायचेच, एक जादाचा सेट लॉकरला ठेव म्हणून मी किती वेळा सांगितलंय. पण नंतर मी एका नाईटला थांबून तिला बघितलं. तिसऱ्या रात्रीच्या पेशंटलासुद्धा, जिला ती नावानं ओळखते, "पूर्ण नाव सांगा मावशी" म्हणते आणि पट्टा उजेडाकडं वळवून नंबर मोठ्यांदा वाचते. मनगट मोकळं, बांगडी नाही, घड्याळ खिशाला पिन केलेलं. माझ्या मनगटावर मात्र छान स्टीलचं घड्याळ, मला वाटायचं ते प्रोफेशनल दिसतं, आणि त्याच्या पट्ट्याखाली हँडरब कधी पोचत नाही. इंग्लंडात 2007 पासून कोपराच्या खाली काही घालायचंच नाही, लांब बाह्यांचा पांढरा कोटही नको असा दंडक आला, तो याच कारणासाठी. आपल्याकडं लांब बाह्यांचा ॲप्रन असला की डॉक्टर मोठा.

म्हणजे युनिफॉर्म काहीच सांगत नाही असं नाही. कापलेली नखं, बांधलेले केस, मोकळी मनगटं हे पेशंटनं जरूर बघावं, त्याचा जखमेशी थेट संबंध आहे. स्टार्च आणि इस्त्रीचा नाही. माझा तो कडक ट्युनिक मी घरूनच घालून मोपेडवर रेनकोटच्या आत दाबून आणत होते, दिवसभर त्याच खिशात कात्री, मोबाईल, टेप. दिसायला शुभ्र. आणि कसाही असला तरी कपड्यावरून एवढं कळत नाहीच की ह्या बाईनं आत्ता पट्टा वाचला का नाही.

इन्सिडेंट फॉर्म भरला. घड्याळ आता पर्समध्ये असतं. इस्त्री मी सोडलेली नाही, पण सुई द्यायच्या आधी पेशंटला औषधाचं नाव आणि कारण सांगते आणि तो काहीतरी विचारेपर्यंत क्षणभर उभी राहते. बरेचदा विचारतच नाहीत, नुसतं माझ्या कॉलरकडं बघत मान हलवतात.

काकू चौथ्या दिवशी घरी गेल्या. मुलानं पेढ्यांचा बॉक्स आणला आणि एवढं सगळं होऊन माझ्याच हातात दिला, मोठ्या सिस्टर म्हणून. मी त्यावर नाईटवालीचं नाव लिहिलं. इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये खायचं ठेवायचं नसतं, म्हणून तिच्या लॉकरवर ठेवला, त्या दमट युनिफॉर्मशेजारी.