आमची वाटचाल: ‘किती मायक्रॉन?’ या प्रश्नाच्या पलीकडे

आम्ही हायड्रॉलिक फिल्टर पुरवायला लागलो तेव्हा ग्राहक एवढंच सांगायचे, "१० मायक्रॉनचा द्या." पण १० मायक्रॉनचे दोन एलिमेंट, म्हणजे फिल्टरमधले तेल गाळणारे भाग, अगदी वेगळे असू शकतात. फरक कळतो तो बीटावरून, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या कणांच्या प्रमाणावरून. १० मायक्रॉन आणि त्याहून मोठे १००० कण आत गेले आणि ५०० बाहेर आले, तर बीटा २. फक्त ५ बाहेर आले, तर बीटा २००. म्हणून आम्ही कोटेशनवर मायक्रॉनच्या शेजारी बीटा लिहायला लागलो.

आमच्या कामाला खरी दिशा दिली ती एका हायड्रॉलिक प्रेसने. तिच्या प्रपोर्शनल व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, सारखा अडकायचा. ग्राहकाने १० काढून ३ मायक्रॉनचा एलिमेंट बसवला होता, तरी तेल आणखी घाण होत चाललं होतं. आम्ही सकाळी मशीन सुरू होताना फिल्टरचा दाबफरक दाखवणाऱ्या इंडिकेटरकडे पाहत उभे राहिलो. एलिमेंट नवा, पण सिलिंडर मागे येताना दरवेळी काटा लाल पट्ट्यात. पुढे जाताना मात्र तसं नाही. म्हणजे दोष घाणीचा नव्हता, फिल्टर लहान पडत होता.

पंप १०० लिटर प्रति मिनिटाचा, पण सिलिंडरचं क्षेत्रफळ रॉडच्या बाजूला निम्मं. त्यामुळे मागे येताना रिटर्न लाइनमधून २०० लिटर यायचं. कॅटलॉगमध्ये त्या एलिमेंटचा दाबफरक १०० लिटरला ०.५ बार होता, तोही ३० सेंटीस्टोक इतक्या घट्ट तेलासाठी. २०० लिटरला तो १ बार. थंड सकाळी तेल १८० सेंटीस्टोकच्या आसपास, म्हणजे सहापट. हिशेब ६ बारवर जातो आणि तेलाला एलिमेंट टाळून वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह तर ३ बारला उघडतो. बरंचसं तेल न गाळताच टाकीत जात होतं.

"बायपासच ६ बारला लावा ना," ग्राहक म्हणाले. आम्ही नाही म्हटलं. तो दाब हाउसिंगवर आणि सीलवर रोज येणार आणि मळलेला एलिमेंट चुरगळला की साठलेली सगळी घाण एकदम सुटणार. आम्ही १० मायक्रॉन, बीटा २०० चा बराच मोठा एलिमेंट दिला, १०० लिटरला ०.१ बारचा. थंड तेलात २०० लिटरला तो १.२ बारवर येतो. हाउसिंगचा थोडा दाब धरूनही बायपास बंद राहतो. इंडिकेटर २.२ बारला ठेवला, म्हणजे बायपास उघडण्याआधी एलिमेंट बदलायला वेळ मिळतो. पंपाच्या आत झिरपणारं तेल बाहेर नेणारी केस ड्रेन लाइन या फिल्टरमधून न नेता सरळ टाकीत सोडली, नाहीतर फिल्टरच्या दाबाने पंपाचा शाफ्ट सील गेला असता.

त्यानंतरच्या तेलाच्या नमुन्यांत कणांची संख्या उतरत गेली आणि स्पूल मोकळा झाला. आता आमच्या चौकशी फॉर्मवर मायक्रॉनच्या आधी दोन रकाने आहेत: सिलिंडरच्या क्षेत्रफळांचं प्रमाण आणि सुरू करतानाचं सर्वात कमी तेल तापमान. ते भरून आल्याशिवाय आम्ही कोटेशन पाठवत नाही.