हद्द कोणाची? तक्रारीआधी पोलीस ठाणे शोधताना

मी राहतो कोथरूडला आणि दुचाकी चोरीला गेली बाणेरमधून. अशा वेळी पाय आपोआप घराजवळच्या ठाण्याकडे वळतात, पण हद्द ठरते ती गुन्हा घडला त्या जागेवरून. तक्रारदार कुठे राहतो किंवा गाडीच्या कागदांवर पत्ता कोणता आहे, याचा इथे संबंध नाही.

म्हणून आधी जागा नेमकी सांगता आली पाहिजे. 'बाणेरमध्ये' एवढ्यावर भागत नाही. रस्ता, सोसायटी, समोरचं दुकान, रस्त्याची कोणती बाजू, हे सगळं मी कागदावर लिहून घेतलं. हद्दीची रेषा पुष्कळदा रस्त्यावरून किंवा नाल्यावरून जाते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन इमारतींची ठाणी वेगळी असू शकतात. पिनकोड टपाल खात्याचा आणि प्रभाग महापालिकेचा. त्यांच्यावरून हद्द ठरवायला गेलात तर चुकाल.

नकाशावर 'जवळचं पोलीस ठाणे' शोधलं की अंतराने जवळचं दिसतं, हद्दीचं दिसेलच असं नाही. पुण्यात तर जुनी माहिती हमखास घोळ घालते. बाणेर पूर्वी चतुःशृंगी ठाण्याच्या हद्दीत होतं. २०२४ मध्ये शहरात सात नवी ठाणी झाली, त्यांत बाणेरचं स्वतंत्र ठाणं आलं. त्याआधीचा एखादा लेख किंवा जुनी एफआयआर पाहून निघालात, तर चतुःशृंगीला पोहोचाल. चौकीचंही तसंच. चौकी ठाण्याच्या हाताखाली असते, गुन्हा नोंदवायला ठाण्यातच जावं लागतं.

खात्रीचा मार्ग फोनचा. ११२ तातडीच्या मदतीसाठी आहे, नुसती हद्द विचारायला तो अडवू नये. जे ठाणं वाटतं त्याचा क्रमांक पोलीस आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि ठाणे अंमलदारांना विचारावं: "साहेब, अमुक सोसायटीच्या गेटसमोरची जागा तुमच्याच हद्दीत येते ना?" नाही म्हणाले, तर "मग कोणाच्या?" हेही लगेच विचारून घ्यावं. घटना रेल्वे स्थानकात किंवा गाडीत घडली असेल, तर लोहमार्ग पोलीस.

एवढं करूनही ठाणं चुकलंच, तर दखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्यात, परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लागू आहे. त्यानुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हीच झिरो एफआयआर, ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते. एफआयआरच्या नमुन्यातच घटनास्थळाच्या रकान्यात 'ठाण्याच्या हद्दीबाहेर असल्यास त्या ठाण्याचे नाव' भरायची जागा असते, ती नीट भरली आहे का ते सहीआधी वाचा. अदखलपात्र तक्रारीला मात्र ही सोय नाही, तिथे हद्दीचंच ठाणं गाठावं लागतं.

तरीही चोरीत मी थेट हद्दीच्या ठाण्यातच जाईन. झिरो एफआयआरचे कागद तिकडे पोहोचेपर्यंत तपास रखडू शकतो, आणि समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीवर तोवर नवं चित्रण चढलेलं असू शकतं.