वर्गणी कोणत्या वर्षाची?

बारावी वाणिज्यला पुस्तपालनाच्या सरांनी नफा न मिळवणाऱ्या संस्थांचे हिशेब एका क्लबच्या उदाहरणावरून शिकवले. आज मी आमच्या भागातल्या वाचनालयाचा खजिनदार आहे आणि दर मार्चअखेर तेच गणित मांडतो.

क्लबचे 120 सभासद, वार्षिक वर्गणी प्रत्येकी 400 रुपये. वर्षभरात आलेले-गेलेले पैसे मांडणाऱ्या प्राप्ती व शोधन खात्यात वर्गणी जमा 46,400. त्यात मागच्या वर्षाची थकबाकी 4,000 आणि पुढच्या वर्षाची आगाऊ वर्गणी 1,600. वजा जाता उरले 40,800. पण सर तिथं थांबू देत नसत. "अरे, सभासद किती? दर किती? गुणाकार कर." तो येतो 48,000, आणि उत्पन्न-खर्च खात्याच्या जमा बाजूला हाच आकडा जातो. मधले 7,200 म्हणजे 18 जणांकडून येणं. ते ताळेबंदात मालमत्तेकडे. आगाऊ आलेले 1,600 देयतेकडे, कारण त्यांच्या बदल्यात सेवा द्यायची अजून बाकी आहे.

खरी मेख पुढे होती. मागच्या ताळेबंदात येणे वर्गणी 4,800 होती, वसूल झाली 4,000. राहिलेले 800 यंदाच्या उत्पन्नात धरायचे नाहीत, ते मागच्याच वर्षी धरून झालेत. पण ते अजून येणं आहे, म्हणून ताळेबंदात 7,200 अधिक 800, असे 8,000 दाखवायचे. ताळेबंद नेमका 800 नं चुकला, तर आधी इथंच बघायचं, हे सरांनी आमच्या हाडीमासी रुजवलं. वसुलीची आशाच उरली नसेल, तर कार्यकारिणीचा ठराव करून ते बुडीत म्हणून खर्ची टाकायचे.

आजीव सभासद शुल्कावर मात्र सरांनी अख्खा तास घेतला होता. पाच जणांनी प्रत्येकी 5,000 भरले, 25,000 आले. ते उत्पन्न नव्हे. या पाच जणांकडून पुन्हा कधी वर्गणी येणार नाही आणि सेवा मात्र आयुष्यभर द्यायची, म्हणून ही रक्कम भांडवल निधीत. शिवाय हे पाच जण त्या 120 मध्ये मोजायचे नाहीत. मोजले, तर दरसाल 2,000 ची खोटी थकबाकी उभी राहते.

प्रवेश शुल्काचं उदाहरणात सांगितलं असेल तसं करायचं. निम्मं भांडवली म्हटलं, तर निम्मं निधीत. काहीच सांगितलं नसेल, तर नवे सभासद दरवर्षी येतात म्हणून उत्पन्नात. संस्थेनं एकदा ठरवलेली पद्धत मात्र दरसाल बदलायची नाही.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत एकदा विचारणा झाली, "बँकेत एवढी शिल्लक असताना तूट कशी?" शिल्लक आजीव शुल्काची होती. ते वजा करून दाखवल्यावर सभेनं वार्षिक वर्गणी वाढवायचा ठराव केला.