मातीतली मान: उजव्या बाजूचे दोन त्रिकोण

मंडळी, कवटी, मानेचे सात मणके, पहिली बरगडी, कॉलर बोन आणि खांद्याचं पातं मागच्या नोंदीपर्यंत जागेवर बसलं होतं. आता स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या. पुतळा मूळ मापाचा आहे. डावी बाजू त्वचेसकट पूर्ण करायची आणि उजवी उघडी ठेवायची, असं ठरलं आहे. माती तेलाची घेतली आहे, कारण शाडू वाळताना आकसतो आणि आत बसवलेल्या तारांभोवती तडे जातात.

मानेची बाजू एका तिरक्या स्नायूने दुभागलेली असते, तो स्टर्नोमॅस्टॉइड. कानामागच्या हाडाच्या उंचवट्यावरून निघून तो खाली छातीच्या मधल्या हाडाला आणि कॉलर बोनच्या आतल्या तिसऱ्या हिश्शाला चिकटतो. त्याच्या पुढचा त्रिकोण हनुवटीपासून गळ्याच्या खळगीपर्यंतच्या मध्यरेषेला टेकतो. वर जबड्याची कडा असते आणि टोक खाली असतं. मागच्या त्रिकोणाच्या मागे ट्रॅपिझियसची पुढची कड, खाली कॉलर बोनचा मधला हिस्सा, आणि टोक वर कवटीच्या मागे, जिथे हे दोन स्नायू भेटतात. कुणाला हनुवटी उजवीकडे वळवायला सांगा आणि तुमच्या तळहाताने तिला अडवा. डाव्या बाजूचा स्टर्नोमॅस्टॉइड ताठ उभा राहील आणि दोन्ही त्रिकोण लगेच समजतील.

काम करताना मला जास्त वेळ मागच्या त्रिकोणाने घेतला, आणि तो द्यायलाच हवा होता. आकृतीत तो सपाट दिसतो, पण खऱ्या मानेवर तो पिळलेला असतो. टोक कवटीच्या मागच्या बाजूला आणि पाया पुढे कॉलर बोनवर. त्यामुळे वरचा भाग बाजूला आणि थोडा मागे तोंड करतो, तर खालचा भाग जवळजवळ पुढे बघतो. बहुतेक हौशी पुतळ्यांत मानेची बाजू पाटीसारखी सरळ होते आणि कॉलर बोनच्या वरची खोलगट जागा बुजते. तपासायची सोपी रीत अशी: पुतळ्याकडे समोरून पाहा. कॉलर बोनच्या वरचा खड्डा समोरून दिसला पाहिजे आणि त्रिकोणाचं टोक अजिबात दिसता कामा नये.

पायाही मोजून घ्यावा. माझ्या पुतळ्यात कॉलर बोन 15 सेंमी आहे. आतले 5 सेंमी स्टर्नोमॅस्टॉइडला, बाहेरचे 5 ट्रॅपिझियसला, मधले 5 मोकळे. माणसागणिक यात फरक असतो आणि काहींचा स्टर्नोमॅस्टॉइड कॉलर बोनवर बराच रुंद पसरतो. पण माती लावताना दोन्ही स्नायू नकळत फुगत जातात आणि मधली जागा बोटभर उरते. म्हणून मी आधी हाडावर टाचणीने दोन खुणा केल्या आणि त्यांच्या आत माती येऊ दिली नाही.

आता या त्रिकोणाच्या आतलं. इथे दोन पडदे कळले की बाकी सगळं आपोआप जागेवर पडतं. त्वचेखाली एक पडदा त्रिकोणाचं छप्पर होतो. तो ट्रॅपिझियस आणि स्टर्नोमॅस्टॉइड या दोघांनाही गुंडाळतो. दुसरा तळाच्या स्नायूंवर अंथरलेला असतो. तळाशी वरून खाली स्प्लेनियस, लिव्हेटर स्कॅप्युली आणि मग स्केलीन स्नायू. कोणती नस कुठल्या पडद्याखाली आहे हेच खरं ज्ञान आहे, आणि ते पुतळ्यात दिसावं म्हणून तळाचा पडदा मी पातळ मलमलीचा केला. वितळलेल्या मेणात बुडवून, अर्धवट निवल्यावर स्नायूंवर दाबून बसवला. मेण थंड झाल्यावर खालचे स्नायू धूसर दिसतात, तेवढंच हवं होतं.

मलमल अंथरण्याआधी तिच्या खालचं उरकावं लागतं. पुढच्या आणि मधल्या स्केलीनच्या फटीतून हाताकडे जाणाऱ्या नसांचे तीन जाड बुंधे बाहेर येतात, आणि त्यांच्या खाली, पहिल्या बरगडीवरून, हाताची मोठी धमनी म्हणजे सबक्लेव्हियन. नसांसाठी पिवळी जाड वायर घेतली, धमनीसाठी लाल. या धमनीच्या जोडीची शीर मात्र पुढच्या स्केलीनच्या पुढून जाते. दोन्ही एकाच फटीतून काढल्या तर ते चूक. शिवाय ती शीर बहुधा कॉलर बोनच्या आड असते, त्यामुळे त्रिकोणात दिसतच नाही. पुढच्या स्केलीनच्या अंगावरून उतरणारी बारीक फ्रेनिक नस श्वासपटलाकडे जाते. तीही मलमलीखालीच.

मलमलीच्या वर येते ती ॲक्सेसरी नस, अकरावी मस्तिष्क नस. ती स्टर्नोमॅस्टॉइडला फांदी देऊन त्याच्या मागच्या कडेतून बाहेर पडते, लिव्हेटर स्कॅप्युलीच्या दिशेत तिरकी खाली उतरते आणि ट्रॅपिझियसच्या खाली शिरते. छप्पर आणि तळ या दोन पडद्यांच्या मधे, थोड्याशा चरबीत ती पडलेली असते. माझ्या पुतळ्यावर स्टर्नोमॅस्टॉइडची मागची कड वरपासून कॉलर बोनपर्यंत 15 सेंमी भरते. वरचा तिसरा हिस्सा संपतो तिथे, म्हणजे उंचवट्यापासून 5 सेंमीवर, भोक पाडून 2 मिमीची पिवळी वायर बाहेर काढली. दुसरं टोक ट्रॅपिझियसच्या कडेला, कॉलर बोनच्या 5 सेंमी वर. मधे वायर ओढून ताठ केली नाही, किंचित सैल ठेवली, कारण मान वळते तेव्हा ही नस तिच्याबरोबर सरकायला हवी.

तिच्या थोडं खाली, कडेच्या मधोमध किंवा किंचित वर, त्वचेच्या संवेदनेच्या चार नसा एकाच ठिकाणाहून बाहेर येतात. एक कानामागे डोक्याकडे, एक कानाच्या पाळीकडे, एक आडवी गळ्यावर आणि एक फांद्या फोडत कॉलर बोनवरून छातीकडे. पाळीकडे जाणारी कडेला वळसा घालून स्नायूवर चढते. मी ती 6.5 सेंमीवर काढली. शल्यचिकित्सक हाच वळसा खूण म्हणून वापरतात: त्याच्या जरा वर ॲक्सेसरी असणार.

एवढ्या बारकाईचं कारण आहे. या नसेच्या बाजूने लसीका गाठींची रांग असते. पुतळ्यात मी मुगाएवढे हिरवट गोळे लावले आहेत. मानेतली एखादी वाढलेली गाठ तपासणीसाठी काढताना छप्पर उघडलं की नस लगेच हाती लागते, आणि तिथेच ती दुखावण्याचा धोका असतो. दुखावली तर ट्रॅपिझियस लुळा पडतो, खांदा खाली उतरतो आणि हात बाजूने खांद्याच्या पातळीपेक्षा वर नेणं कठीण होतं. स्टर्नोमॅस्टॉइड मात्र चालत राहतो, कारण त्याची फांदी आधीच फुटलेली असते. म्हणजे मान विरोधाविरुद्ध नीट वळते पण खांदा उचलत नाही, असं दिसलं तर इजा कुठे आहे ते त्रिकोणावर बोट ठेवून सांगता येतं. हाताच्या जाड नसा मलमलीखाली आहेत, म्हणून वरवरच्या कामात त्या बऱ्याच सुरक्षित राहतात.

पुढचा त्रिकोण मी तुलनेने झटपट केला. त्याचे पोटत्रिकोण दोन स्नायू पाडतात: दोन पोटांचा डायगॅस्ट्रिक, जो कानामागून निघून हायॉइड हाडापाशी वळून हनुवटीकडे जातो, आणि ओमोहायॉइडचं वरचं पोट. हनुवटीखालच्या त्रिकोणात लसीका गाठी आणि लहान शिरा. जबड्याखालच्या त्रिकोणात लाळग्रंथी आणि चेहऱ्याकडे जाणारी धमनी. मधल्या स्नायूंच्या त्रिकोणात हायॉइडखालचे पट्टीसारखे स्नायू आणि त्यांच्या मागे थायरॉइड व श्वासनलिका. खरा ऐवज कॅरोटिड त्रिकोणात आहे, त्यामुळे तिथे थांबतो.

मागे स्टर्नोमॅस्टॉइडची पुढची कड, वर डायगॅस्ट्रिकचं मागचं पोट, खाली ओमोहायॉइड. एवढ्या खिडकीत मोठी कॅरोटिड धमनी दुभागते, साधारण गळ्याच्या घाटीच्या कूर्चेच्या वरच्या कडेच्या पातळीवर. मी 7 मिमीची लाल नळी तिथेच कापून दोन फांद्या जोडल्या. आतली कॅरोटिड सुरुवातीला मागे आणि बाहेरच्या बाजूला असते, बाहेरची पुढे. ओळखायला चुकायचं नसेल तर लक्षात ठेवा: मानेत फांद्या फक्त बाहेरचीला फुटतात, आतली गुळगुळीत वर कवटीत जाते. बाजूला 12 मिमीची निळी नळी, आतली जुग्युलर शीर. दोघींच्या मधे, मागच्या बाजूला, व्हेगस नस. या तिघी एका म्यानात असतात आणि खाली उतरताना स्टर्नोमॅस्टॉइडच्या आड जातात. पूर्ण लांबीची लाल नळी उघडी दिसत असेल तर स्नायू पुरेसा रुंद झालेला नाही. जिभेची नस डायगॅस्ट्रिकच्या खालून येऊन दोन्ही कॅरोटिडांवरून आडवी जाते, हा वळसा मी सगळ्यात शेवटी बसवला. जिवंत माणसावर इथली नाडी शोधणार असाल तर हलक्या हाताने आणि एकाच बाजूला शोधा. दुभागणीपाशी रक्तदाबाची जाणीव घेणारी जागा असते, आणि ती दाबली तर ठोके मंदावून भोवळ येऊ शकते.

ओमोहायॉइड स्टर्नोमॅस्टॉइड बसवण्याआधीच लावावा लागतो. खांद्याच्या पात्याच्या वरच्या कडेवरून त्याचं खालचं पोट मागच्या त्रिकोणात जवळजवळ आडवं येतं आणि त्याचे वरचा मोठा व खालचा लहान असे दोन भाग करतं. मग स्टर्नोमॅस्टॉइडच्या आड, जुग्युलर शिरेवर त्याची दोरी असते, आणि तिथून वरचं पोट हायॉइडकडे उभं चढतं. हा कोन टिकतो तो दोरीला कॉलर बोनकडे खेचून धरणाऱ्या पडद्याच्या पट्टीमुळे. मी ती मलमलीच्याच पट्टीने केली. पट्टी विसरली तर स्नायू पात्यापासून हायॉइडपर्यंत सरळ रेषेत ताणला जातो, कॅरोटिड त्रिकोण खालून आक्रसतो आणि कॉलर बोनवरचा लहान त्रिकोण उगाच मोठा होतो.

शेवटी बाहेरची जुग्युलर शीर: जबड्याच्या कोनाखालून स्टर्नोमॅस्टॉइडच्या वरून तिरकी उतरते आणि कॉलर बोनच्या थोडं वर छप्पर भेदून आत जाते. गायकाने लांब तान घेतली की मानेवर फुगते ती हीच. तिला स्नायूच्या आत दाबू नये. तिच्यासाठी मी निळी वायर नुसती वर टेकवली आहे, कारण तिच्यावर आणि त्वचेच्या नसांवर प्लॅटिझ्मा या त्वचेखालच्या स्नायूचा पातळ थर येतो. तो उजव्या बाजूला गाळला आहे आणि डाव्या बाजूला पुढच्या नोंदीत लावणार आहे.