उत्तर बरोबर, पण प्रोग्राम संपेना

दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या पाइपलाइनचं काम आमच्या गंगापूर रोडच्या ऑफिसात आलं होतं. पाइपाचे सांधे म्हणजे नोड. लूप कुठेच नाही, म्हणजे सरळ ट्री. पाइपाच्या वाटेने ५०० मीटरच्या आत असलेल्या सांध्यांच्या जोड्या मोजायच्या होत्या.

मी सेंट्रॉइडने तुकडे करत गेलो. सेंट्रॉइड म्हणजे असा नोड, की तो काढला तर उरलेला एकही तुकडा निम्म्याहून मोठा नसतो. असा नोड सापडतोच. कुठूनही निघा आणि ज्या बाजूला निम्म्याहून जास्त नोड आहेत तिकडे एक पाऊल टाका. मागे राहिलं ते निम्म्याहून कमी, म्हणजे परत फिरायची वेळ येत नाही आणि चालणं कुठेतरी थांबतंच. त्या नोडमधून जाणाऱ्या जोड्या मोजायच्या, तो काढायचा, मग प्रत्येक तुकड्यात पुन्हा तेच. दर पातळीला तुकडा निम्मा होतो, त्यामुळे १ लाख नोडना जास्तीत जास्त १७ पातळ्या लागतात.

छोट्या चाचण्या सगळ्या पास झाल्या. मग १ लाख नोडची सरळ साखळी दिली, कारण मुख्य वाहिनी तशीच लांबलचक असते. चहा पिऊन आलो तरी स्क्रीन तशीच.

शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, सात नोड घ्या आणि कागदावर चालवून बघा."

१ ते ७ अशी साखळी मांडली. पहिला सेंट्रॉइड ४, बरोबर. डाव्या १-२-३ मध्ये २ निवडायला हवा होता, माझ्या कोडने १ निवडला. मग ३, मग २. प्रत्येक वेळी टोकाचा एकच नोड गळत होता! तुकड्यांचे आकार मी सुरुवातीला एकदाच, १ ला मूळ धरून मोजले होते. ४ गेल्यावरही २ चा आकार ६ आणि १ चा ७ असाच वहीत राहिला, त्यामुळे कोडला टोकाकडची बाजूच जड वाटायची.

१ लाखाच्या साखळीत याचा अर्थ डाव्या अर्ध्यात सुमारे ५० हजार पातळ्या आणि सव्वाशे कोटी नोड-भेटी. नीट चाललं असतं तर सगळ्या मिळून जास्तीत जास्त १७ लाख.

फसवं हे, की उत्तर कधीच चुकत नव्हतं. जोडी मोजली जाते ती तिच्या वाटेवरचा पहिला नोड काढताना. तो नोड मधला असो की टोकाचा, मोजणीला फरक पडत नाही. माझ्या चाचण्या फक्त उत्तर तपासत होत्या, त्यांना हे दिसणार कसं?

सेंट्रॉइड शोधण्याआधी, काढलेले नोड वगळून, त्या तुकड्यापुरते आकार नव्याने मोजायची एक ओळ घातली:

```
calcSize(start, -1);
```

आणि सर्वांत खोल पातळी छापून घेतली. साखळी पुन्हा दिली, १७ आले.