शेणकिड्याची गिरकी

गेल्या आषाढात नाशिकजवळच्या मखमलाबादला मामांच्या मळ्यात गेलो होतो. निघालो होतो द्राक्षबाग बघायला, पण गोठ्यामागच्या शेणाच्या पोवाशीच उकिडवा बसलो. शेण ताजं होतं आणि त्यावर काळ्या शेणकिड्यांची झुंबड उडाली होती. त्यातल्या एकाने बघता बघता बोराएवढा गोळा वळला, डोकं खाली घातलं, पुढचे पाय जमिनीला टेकले आणि मागच्या पायांनी गोळा ढकलत उलटा चालायला लागला. म्हणजे जायचं एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. तरी त्याची वाट दोरी लावल्यासारखी सरळ.

"कुठं चाललाय रे हा?" मी विचारलं.

"कुठंच नाही," मामा म्हणाले. "इथनं लांब जायचंय त्याला, बास."

मामांनी नेमकं तेच सांगितलं. शेणापाशी आयत्या गोळ्यावर टपलेले भुरटे पुष्कळ असतात. स्वतः वळत बसण्यापेक्षा दुसऱ्याचा हिसकावणं सोपं. तेव्हा गोळा झाला की गर्दीपासून लवकरात लवकर दूर पळायचं, आणि त्यासाठी सरळ रेषेसारखी वाट नाही. जरा वळण पडलं तर फेरा मारून पुन्हा त्याच चोरांच्या दारात! ब्रह्मगिरीवर धुक्यात वाट चुकून अर्ध्या तासाने मी माझ्याच टाकलेल्या बिस्किटाच्या कागदापाशी परत आलो होतो, त्यामुळे ही भीती मला नीट कळते. (कागद उचलला, हेही सांगून टाकतो.)

मी काडीने त्याचा गोळा जरा कलंडवला. किडा गडबडला, मग गोळ्यावर चढला आणि स्वतःभोवती गिरकी घेतली. मग खाली उतरून पहिल्याच दिशेने चालू पडला. मी पुन्हा कलंडवला, पुन्हा गिरकी. तिसऱ्या वेळी मामा म्हणाले, "सोड की बिचाऱ्याला."

ही गिरकी म्हणजेच त्याचं होकायंत्र. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या शेणकिड्यांवर वर्षानुवर्षं हेच तपासलं. निघण्याआधी किडा गोळ्यावर उभा राहून फिरतो आणि आकाशाचं एक चित्र मनात टिपून ठेवतो: सूर्य कुठे, उजेड कुठे जास्त. पुढे चालताना डोळ्यांसमोरचं आकाश त्या चित्राशी जुळवत राहायचं, एवढंच काम. जमिनीवरच्या खुणा तो बघतच नाही म्हटलं तरी चालेल. त्या लोकांनी खरा सूर्य फळीआड झाकला आणि आरशाने त्याचं बिंब समोरच्या बाजूला दाखवलं, तर किडे गोळ्यासकट उलटे फिरले. आकाशातल्या उजेडाला ध्रुवणाची, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या दिशेने थरथरतात त्याची, एक नक्षी असते. ती आपल्याला दिसत नाही, त्यांना दिसते. त्यामुळे सूर्य झाडाआड असला तरी अडत नाही.

मग रात्री? तिथल्या एका निशाचर जातीच्या किड्यांना डाके यांच्या गटाने पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या. वरचं आकाश झाकलं गेल्यावर किडे भरकटले. टोपी पारदर्शक प्लास्टिकची असली, तर मात्र सरळ चालायचे. म्हणजे दोष टोपीच्या ओझ्याचा नव्हता. पुढे त्यांना जोहान्सबर्गच्या तारांगणात नेलं. तिथे नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी त्यांची दिशा जवळपास पूर्ण आकाशाखाली असते तितकीच पक्की राहिली. एकेक तारा हेरण्याइतके त्यांचे डोळे तीक्ष्ण नसावेत, पण तो फिकट पट्टा पुरतो. 2013 मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी या मंडळींना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं. शेणकिड्यांना टोप्या शिवणाऱ्यांना ते मिळणारच!

माझ्या मनात मात्र नाशिकचा प्रश्न आला. आपल्याकडे 20 मेच्या आसपास आणि पुन्हा 24 जुलैच्या आसपास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अशा सूर्यावरून दिशा कशी कळणार? याचंही उत्तर निघालेलं आहे. सूर्य फार वर चढला की ते आफ्रिकी किडे वाऱ्याचा आधार घेतात. सूर्य डोक्याजवळ असताना पंख्याचा झोत उलट्या बाजूने सोडला, तर किडेही वळले. सूर्य खाली असताना मात्र वाऱ्याला ते फारसं विचारत नाहीत.

मामांच्या मळ्यातले किडे हेच करतात का, हे काही मी टोप्या घालून बघितलेलं नाही. पण रात्री अंगणात खाट टाकली आणि ढग जरा फाटले, तेव्हा वर बघितलं. शहराच्या बाजूचं आभाळ पिवळट उजळलेलं, आकाशगंगेचा पत्ता नाही. शहरी उजेडात आफ्रिकेतले किडेही चुकतात. आकाशच उजळलेलं असलं की भरकटतात, आणि समोर थेट दिवा दिसला तर त्याच्याकडेच चालू लागतात.

"मामा, गोठ्यावरचा फोकस रात्रभर चालू असतो का हो?"

"बिबट्या येतो ना," मामा कूस बदलत म्हणाले. "झोप आता."